महेश्वरी साडी ऑनलाइन टाकताना आधी डिस्क्रिप्शन की आधी रकाने?

इंदूरला घरून साड्या विकणाऱ्या बऱ्याच जणींचा हा प्रश्न असतो, म्हणून दोन्ही पद्धती एकाच साडीवर लावून बघू. रकाने म्हणजे लिस्टिंग भरताना मटेरियल, कलर, ऑकेजन यादीतून निवडायच्या जागा. साडी महेश्वरी, ताणा रेशमाचा आणि बाणा सुती, अंग रानी रंगाचं, काठ हिरवा, जरीचा.

आधी डिस्क्रिप्शन लिहिलं तर हात मोकळा चालतो, विणकाम, काठ, पदर सगळं छान उतरतं, पण त्याच भरात "प्युअर सिल्क महेश्वरी" असंही लिहून जातं आणि मग मटेरियलच्या यादीत सिल्क, कॉटन, कॉटन सिल्क असे पर्याय दिसले की वर लिहिलंय तेच म्हणून सिल्क टाकलं जातं. ती साडी सिल्कच्या फिल्टरमधे जाते, घेणारी पूर्ण रेशमाच्या अपेक्षेने घेते, हातात धरल्यावर सुती बाणा लगेच कळतो आणि साडी "वर्णनाप्रमाणे नाही" म्हणून परत येते. आधी रकाना भरायला बसलं की ताणा कशाचा, बाणा कशाचा हे विणकराला विचारावंच लागतं, उत्तर कॉटन सिल्क येतं आणि डिस्क्रिप्शनमधेही मग "रेशमी ताणा, सुती बाणा" असंच लिहिलं जातं. जरीकाम फक्त काठाला असेल तर त्याचा उल्लेख मजकुरात करा, मेन फॅब्रिकमधे नको.

रंगात मात्र रकाने-आधीवाली पद्धत जरा कोरडी पडते. यादीत बरेचदा रानी नसतो, पिंक घ्यावा लागतो, आणि डिस्क्रिप्शनमधेही नुसतं पिंक लिहिलं तर फिकट गुलाबी समजून कोणी मागवेल, म्हणून तिथे "रानी, म्हणजे गडद गुलाबी" असं दोन्ही लिहा. काही ठिकाणी रंगाचं नाव हाताने टाइप करायला वेगळा रकाना असतो, रानी तिथे. काठ हिरवा असला तरी कलर अंगाचाच धरायचा.

खरी गडबड होते ती एकाच लिस्टिंगखाली तीन-चार रंग टाकले की, कारण डिस्क्रिप्शन बरेचदा एकच कॉपी होतं आणि मग मोरपंखी साडीखालीही "रानी रंगाची" छापून येतं. अशा वेळी कॉमन मजकुरात रंगाचं नावच नको, तो रकान्यातच राहू दे.

ऑकेजनमधे वेडिंग, फेस्टिव्ह, पार्टी, कॅज्युअल सगळ्यांवर टिक करायचा मोह होतो, पण मजकुरात "हलकी, ऑफिसला रोज नेसता येईल" लिहून वेडिंगवर टिक केलं तर लग्नासाठी शोधणारीला ती साडी साधी वाटणार. सणाला नेसण्यासारखी असेल तर फेस्टिव्ह ठेवा आणि मजकुरातही सणाचं एक वाक्य घाला.

माझं मत विचाराल तर रंगांचे पर्याय असतील किंवा लिस्टिंग घरातलं दुसरं कोणी भरणार असेल तर रकाने आधी. एखादाच खास पीस असेल तर डिस्क्रिप्शन आधी लिहा, पण टाकायच्या आधी साडी समोर ठेवून मटेरियल, रंग, ऑकेजन सांगणारे शब्द मजकुरात शोधून रकान्यांशी जुळवा, आणि लाइव्ह झाल्यावर मोबाइलवर स्वतःच कॉटन सिल्क आणि पिंकचा फिल्टर लावून साडी तिथे दिसते का ते बघा.