फोटोत ऑइल हीटर आणि खोक्यात फॅन हीटर, घेण्याआधी एवढं बघून घ्या

बाबांच्या खोलीसाठी ऑइल हीटर मागवला होता, मुद्दाम ऑइलवालाच, कारण त्यांना रात्री पंख्याची घरघर आणि तोंडावर येणारा गरम झोत दोन्ही सहन होत नाही. नावातच ऑइल रेडिएटर लिहिलेलं, फोटोत ओळीने उभ्या पट्ट्या, खाली चाकं, आणि वर ठळक अक्षरात "२००० वॅटची ऊब, वीज फक्त ५०० वॅट". खोकं आलं आणि एका हाताने सहज उचललं गेलं, तिथेच शंका आली. प्लग लावून बटण दाबलं तर आत पंखा सुरू झाला आणि वरच्या फटींतून लगेच गरम हवा यायला लागली. म्हणजे साधा फॅन हीटर, त्याला बाहेरून पट्ट्यापट्ट्यांचं प्लास्टिकचं कव्हर घातलेलं. ऑइलचा एक थेंब नाही.

आता तोच फोटो मोठा करून बघितला तर फसवणूक त्यातच दिसते, म्हणून सगळं लिहितेय, कारण असे फोटो अजून बरेच फिरतायत.

खऱ्या ऑइल हीटरच्या पट्ट्या, म्हणजे फिन्स, पत्र्याच्या असतात आणि आतून पोकळ असतात. त्यात तेल कायमचं बंद केलेलं असतं, ते भरायचं नसतं की बदलायचं नसतं, खाली कॉइल असते ती तेल तापवते आणि ते तेल सगळ्या फिन्समधून आपोआप फिरतं. तेल एका फिनमधून दुसऱ्यात जायला वाट लागते ना, म्हणून सगळ्या फिन्स वर एका जागी आणि खाली एका जागी गोल नळीसारख्या जोडाने एकमेकींना जोडलेल्या असतात आणि मधे मोकळी फट असते ज्यातून पलीकडचं दिसतं. फोटो तिरका किंवा बाजूने काढलेला असेल तर हे दोन जोड बघा, ही सगळ्यात पक्की खूण. आमच्या फोटोत जोड नव्हतेच, पट्ट्यांच्या मागे एकसलग काळी भिंत होती, आणि वरच्या कडेला बारीक फटींची जाळी होती. तेलाच्या हीटरला फिन्सवर जाळीचं काही कामच नसतं, हवा आपोआप पट्ट्यांमधून वर जाते.

एक मात्र सांगायला हवं, काही खऱ्या ऑइल हीटरला बाजूला किंवा वर एक छोटा पंखा वेगळा जोडलेला असतो, बहुतेक ४०० वॅटचा, त्यामुळे २९०० वॅट लिहिलेलं असेल तर ते बऱ्याचदा २५०० अधिक ४०० असं असतं. म्हणून नुसती जाळी दिसली की खोटा असं नाही, पंख्याचा डबा वेगळा आणि फिन्स वेगळ्या दिसतात का ते बघायचं.

आणि वजन! माहितीत वजन दिलेलं असतं ते कुणी वाचत नाही. ९ फिन्सचा ऑइल हीटर साधारण ८ ते १२ किलोचा असतो, पत्रा आणि तेल दोन्ही जड, म्हणून तर त्याला चाकं लागतात. फॅन हीटर एक-दोन किलोचा असतो. आमच्या वस्तूच्या माहितीत अगदी खाली वजन २.२ किलो लिहिलेलं होतं, वर मात्र ऑइल. चाकं नुसती दिखाव्याला चिकटवलेली.

हॅलोजन ओळखणं त्यामानाने सोपं, पुढे तारांची जाळी, मागे चकचकीत वाकवलेला पत्रा आणि मधे काचेच्या उभ्या किंवा आडव्या नळ्या, चालू असताना नारिंगी उजेड. बऱ्याच मॉडेलमध्ये एक नळी ४०० वॅटची असते, म्हणून दोन नळ्या दिसल्या तर अंदाज ८०० आणि तीन दिसल्या तर १२००, पण पक्कं काय ते मागच्या लेबलवरच. फॅन हीटरचा डबा बुटका असतो, पुढच्या जाळीतून आतली कॉइल किंवा पंख्याची पाती दिसतात, आणि बहुतेकांना १००० आणि २००० अशा दोन पायऱ्या असतात.

आता त्या "५०० वॅटमध्ये २०००" चं बघू, कारण लोक फसतात ते इथे. कॉइल, नळी किंवा तेल, तिन्हीत आत गेलेली वीजच उष्णता होऊन बाहेर येते. ५०० वॅट आत गेले तर ५०० वॅटचीच ऊब येणार, त्याच्या चौपट ऊब यातला कुठलाच हीटर देऊ शकत नाही. आम्ही घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त तो हीटर चालू ठेवला आणि विजेच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा मोजला. मीटरवर लिहिलेलं असतं की एका युनिटला किती वेळा लुकलुकतो, आमच्यावर ३२०० आहे. मिनिटात ८० वेळा लागला, म्हणजे तासाला ४८००, भागिले ३२०० म्हणजे तासाला दीड युनिट, म्हणजे सरळ १५०० वॅट. ५०० वॅट खरे असते तर मिनिटात २७ च्या आसपास लागला असता. म्हणजे ५०० पण खोटं आणि २००० पण खोटं.

पण नुसते वॅट बघून बिलाचा अंदाज लावू नका, थर्मोस्टॅट आहे का ते बघा. फोटोत लहान-मोठं दाखवणारी गोल खुंटी असेल तर बहुधा आहे, नुसती बटणं असतील तर बहुधा नाही. समजा २००० वॅटचा ऑइल हीटर आठ तास लावला, पहिला तास तो पूर्ण चालला म्हणजे २ युनिट, मग खोली तापली आणि पुढे प्रत्येक तासात २० मिनिटंच चालू राहिला तर उरलेल्या सात तासांचे साडेचार-पावणेपाच युनिट, म्हणजे एकूण साधारण पावणेसात. आणि ८०० वॅटचा, थर्मोस्टॅट नसलेला हॅलोजन आठ तास सलग चालला तर ६.४ युनिट, जवळजवळ तेवढेच. अर्थात खिडकी नीट लागत नसेल तर ऑइलवाला २० मिनिटांत थांबणार नाही, हिशोब वर जाणार. हॅलोजनचं खरं काम समोर बसलेल्या माणसाला थेट ऊब द्यायचं, तासभर बसायचं असेल तर तो कमी विजेत भागतो, पण झोपल्यावर चालू ठेवायचा नाही, समोर पांघरूण आलं तर पेटू शकतं.

तक्रार केली तेव्हा विक्रेता आधी म्हणाला ही "ऑइल टाइप टेक्नॉलॉजी" आहे, तेल दिसत नसतं. मग आम्ही त्याच्याच माहितीतला २.२ किलोचा स्क्रीनशॉट, वरच्या जाळीचा फोटो आणि मागच्या लेबलचा फोटो एकत्र पाठवला, त्या लेबलवर स्पष्ट फॅन हीटर, १५०० वॅट छापलेलं होतं, त्यावर उत्तर आलं नाही, पण पैसे परत आले. तीच वस्तू त्याच फोटोनिशी अजून विकायला आहे. तुम्हाला असा हीटर आवडला तर घ्यायच्या आधी विक्रेत्याकडे फक्त मागच्या लेबलचा स्वच्छ फोटो मागा, त्यावर प्रकार आणि वॅट दोन्ही छापलेले असतात. आम्ही नंतर दुसऱ्या दोघांकडे मागितला, एकाने लगेच पाठवला, दुसऱ्याने "सगळं माहितीत आहे" म्हणून टाळलं, तर त्याच्याकडून घेतला नाही.