मीठ की गोळी? कथेसाठी झोंबी निवडताना

झोंबीची कथा किंवा एकांकिका लिहायला घेतली की बहुतेक जण आधी तो दिसतो कसा, चालतो कसा, याचा विचार करतात. त्याच्या आधी ठरवायची गोष्ट वेगळी आहे: या झोंबीला मालक आहे का? हैतीच्या लोकसमजुतीतल्या झोंबीला मालक असतो. १९६८ नंतरच्या बहुतेक चित्रपटांतल्या झोंबीला नसतो. तो काय खातो, कशाने थांबतो आणि वाचकाने नेमकं कशाला घाबरायचं, हे सगळं यावरून ठरतं.

मालकाचा झोंबी उसाच्या मळ्यातून आला. हैती ही फ्रेंचांची वसाहत होती आणि तिथली साखर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या राबणुकीवर निघत असे. १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला, १८०४ मध्ये देश स्वतंत्र झाला. मेल्यावर जीव समुद्रापलीकडे गिनीला, पूर्वजांच्या भूमीत परत जातो, ही त्या लोकांची श्रद्धा. म्हणजे मरण ही शेवटची का होईना, पण सुटका. बोकोर नावाचा मांत्रिक प्रेत उठवून कामाला जुंपतो तेव्हा तो हीच सुटका हिरावून घेतो. म्हणून हैतीत झोंबी चावेल ही भीती नाही. आपलाच झोंबी होईल, ही भीती आहे. माणसाला दीर्घ गुंगी आणणारं द्रव्य देऊन पुरलं तर तो खून धरावा, असं कलम तिथल्या फौजदारी कायद्यात एकोणिसाव्या शतकापासून होतं.

ही समजूत इंग्रजी वाचकांत पसरली ती विल्यम सीब्रुक यांच्या १९२९ च्या प्रवासवर्णनामुळे. तेव्हा हैती अमेरिकी लष्कराच्या ताब्यात होतं (१९१५ ते १९३४). सीब्रुक यांनी तिथे ऐकलेली गोष्ट १९१८ च्या ऊसतोडीच्या हंगामातली आहे. साखर कंपनीला माणसं हवी असतात. तेव्हा जोसेफ नावाचा मुकादम फाटक्या कपड्यांतली, शून्य नजरेची एक टोळी घेऊन हजर होतो. ही डोंगरातली माणसं आहेत, त्यांना इथली भाषा कळत नाही, असं तो सांगतो. टोळी दिवसभर राबते आणि मजुरी जोसेफ उचलतो. त्याची बायको त्यांना अळणी शिजवून घालते, कारण झोंबीच्या जिभेला मीठ लागलं की त्याला आपण मेलोय हे कळतं. एका सणाला जोसेफ शहरात जातो. बायकोला त्या माणसांची दया येते आणि ती त्यांना बाजारात नेऊन गुळाची, शेंगदाणे घातलेली वडी देते. शेंगदाणे खारवलेले आहेत हे तिच्या लक्षात येत नाही. वडी खाताच सगळे उठतात, कुणाकडे न बघता आपल्या डोंगरातल्या गावाकडे चालू लागतात आणि आपापल्या थडग्याची माती उकरत तिथेच कोसळतात.

लिहिणाऱ्याने या गोष्टीची घडण नीट बघावी. खलनायक मुकादम आहे, झोंबी नाहीत. त्यांच्या सुटकेचं साधन स्वयंपाकघरात आहे. उत्कंठा सगळी त्या वडीत आहे, कारण अळणी जेवणाचा नियम वाचकाला आधीच कळलेला असतो. यात मारामारी जवळजवळ नाही, चार-पाच पात्रं पुरतात. १९३२ च्या ‘व्हाइट झोंबी’ या चित्रपटातला साखर कारखान्याचा प्रसंगही असाच आहे: एक मजूर तोल जाऊन चरकात पडतो, बाकीचे दांडा फिरवतच राहतात. प्रसंग एवढाच, पण अंगावर येतो.

हा झोंबी मराठीत आणताना एका ठिकाणी हमखास ठेच लागते. आपल्याकडे मीठ बांधून ठेवतं. माणूस खाल्ल्या मिठाला जागतो, नमकहराम ही शिवी होते. हैतीत तेच मीठ मालकापासून सोडवतं. ऊसतोड, मुकादम, उचल हे आपल्या वाचकाला सांगावं लागत नाही, पण मिठाचा नियम कथेच्या पहिल्या पाव भागातच एखाद्या पात्राच्या तोंडून यायला हवा. नाहीतर शेवटी झोंबी मीठ खाऊन मालकाला सोडून गेले की वाचक गोंधळतो.

आता बिनमालकाचा. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये नुकतीच मेलेली माणसं उठतात आणि जिवंतांना खातात. चित्रपटात त्यांना झोंबी म्हटलेलंच नाही, ते नाव मागाहून चिकटलं. त्यांना मीठ लागू पडत नाही, मेंदूत गोळी घालावी लागते किंवा जाळावं लागतं. चित्रपटाचं नाव आयत्या वेळी बदललं, तेव्हा पडद्यावरची स्वामित्वहक्काची ओळ गळली आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार तो सर्वांसाठी खुला झाला. हे नियम आज तुम्हीही बेधडक वापरू शकता.

मालक गेला की खलनायकाची जागा रिकामी पडते. रोमेरो यांनी ती आत अडकलेल्या माणसांच्या भांडणाने भरली: तळघरात लपायचं की वर थांबायचं? रात्रभर तगून राहिलेल्या नायकाला सकाळी शोधपथकच झोंबी समजून गोळी घालतं. चाव्यातून झोंबी होण्याची साथ पसरते अशा बिनमालकाच्या कथा फसतात त्या इथेच. आतल्या माणसांत वाद नसेल तर उरतो तो फक्त पाठलाग, आणि तिसऱ्या पाठलागाला वाचक पान उलटतो.

दुसरी चूक हिशेबाची. समजा, प्रत्येक बाधित दर तासाला एकाला चावतो आणि चावलेला लगेच बाधित होतो. दर तासाला आकडा दुप्पट होतो: १० तासांनी १,०२४, २० तासांनी १० लाखांच्या वर. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साधारण साडेबारा लाख होती. म्हणजे संध्याकाळी एकापासून सुरू झालेली साथ, कुणी अडवलंच नाही तर, दुसऱ्या रात्रीपर्यंत शहर संपवते. कथा आठवडाभर चालवायची असेल तर वेग कमी करा, नाहीतर खाडी, भिंत, बंद पूल असा अडसर आधीच ठेवा.

लागण किती वेळात होते यावरही बरंच अवलंबून आहे. २००२ च्या ‘२८ डेज लेटर’मध्ये बाधित मेलेले नसतात. विषाणू रक्तातून काही सेकंदांत चढतो आणि ते धावत सुटतात. त्यात थरार आहे, पण चावा लपवून गाडीत बसणारा माणूस शक्य नाही. तो प्रसंग हवा असेल तर लागण आणि बदल यांत काही तास ठेवावेच लागतील. दोन्ही वेग एकाच कथेत, कारण न देता, वापरले की वाचक लगेच पकडतो.

एकांकिका किंवा दीर्घकथा असेल तर मालकाचा झोंबी घ्यावा. कमी माणसांत भागतं आणि शेवट झोंबीच्या बाजूने करता येतो, जे साथीत जवळजवळ जमत नाही. कादंबरी किंवा मालिका असेल, पात्रं एकेक करून गमवायची तयारी असेल, तर साथ. दोन्ही एकत्र करायचे, म्हणजे साथीने झालेले झोंबी कुणीतरी कामाला लावले, तर आधी एक गोष्ट लिहून ठेवा: भुकेलं, चावणारं शरीर मुकादमाचं का ऐकतं? याला नेमकं उत्तर सापडेपर्यंत पहिलं प्रकरण सुरू करू नये.