एकच शेपूट रंगवायचं की दोन्ही? झेड टेस्टचा वक्र वहीत काढताना

घंटेसारखा वक्र सगळ्यांनाच काढता येतो, पेन्सिल अडते ती छायांकनापाशी. रिजेक्शन रीजन एका बाजूला घ्यायचं की पाच टक्के दोन्हीकडे वाटून द्यायचे? या एका निवडीवर उत्तर उलटू शकतं, म्हणून दोन्ही पर्याय एकाच उदाहरणावर लावून पाहू.

दुधाच्या पिशव्या भरणारं एक यंत्र आहे. पिशवीवर ५०० मिली छापलंय. यंत्राच्या जुन्या नोंदींवरून भरण्यातलं प्रमाण विचलन ४ मिली हे पक्कं ठाऊक आहे. ३६ पिशव्या मोजल्या, सरासरी आली ४९८.८ मिली. आकडेमोड दोन्ही पर्यायांत तीच:

σ/√n = ४/६ = ०.६६७
z = (४९८.८ − ५००) / ०.६६७ = −१.८

आता तक्रार ग्राहकाची असेल, तर प्रश्न एवढाच की दूध कमी भरतंय का. H₁ होतं μ < ५००, आणि पाच टक्के पातळीचं सगळं क्षेत्रफळ डाव्या शेपटात जातं. सीमारेषा −१.६४५ वर येते. आपलं −१.८ तिच्या डावीकडे, म्हणजे रंगवलेल्या भागात पडतं. H₀ नाकारायचं.

प्रश्न यंत्र सांभाळणाऱ्याचा असेल, तर त्याला कमी भरलेलंही नको आणि जास्त भरलेलंही नको. H₁ होतं μ ≠ ५००. पाच टक्क्यांचे अडीच-अडीच होतात आणि सीमारेषा −१.९६ आणि +१.९६ वर सरकतात. तेच −१.८ आता मधल्या कोऱ्या भागात राहतं, H₀ नाकारता येत नाही. पी-व्हॅल्यूही हेच सांगते: एका बाजूने सुमारे ०.०३६, दोन्ही बाजूंनी त्याच्या दुप्पट, ०.०७२.

मग निवडायचं कसं? माझं मत ठाम आहे: पिशव्या मोजायच्या आधी, प्रश्नाच्या शब्दांवरून. ‘कमी आहे का’, ‘वाढलंय का’ असं विचारलं असेल तर एक शेपूट. ‘बदल झालाय का’, ‘वेगळं आहे का’ असं असेल तर दोन. शब्द संदिग्ध असतील तर दोन्ही बाजू घ्याव्यात. सरासरी ४९८.८ आलेली पाहून मग डावीकडचं शेपूट रंगवणं ही सर्वांत वाईट चूक. ती सरासरी ५०१.२ आली असती तर त्याच माणसाने उजवीकडचं रंगवलं असतं, म्हणजे प्रत्यक्षात त्याने दोन्हीकडे पाच-पाच टक्के राखून ठेवले. चुकून H₀ नाकारण्याची शक्यता दहा टक्के झाली आणि वहीत मात्र पाचच लिहिलेत.

काढायला सोपी आकृती एका शेपटाची, कारण ती थोडी ढोबळ असली तरी चालते. दोन शेपटांत दोन्ही भाग समान दिसलेच पाहिजेत. त्यासाठी उंचीचा अंदाज ठेवा. शिखर ७ सेंमी घेतलं, तर ±१ वर वक्र साधारण ४.२ सेंमी उंच असतो आणि तिथेच त्याचा बाक बदलतो. −१.६४५ वर तो १.८ सेंमी, ±१.९६ वर जेमतेम १ सेंमी. बहुतेक वह्यांत शेपूट फार जाड निघतं, आणि पाच टक्क्यांच्या जागी वीस टक्के रंगवल्यासारखं दिसतं. −१.८ ची खूण अक्षावर वेगळ्या शाईने करा, ती सीमारेषेच्या कुठल्या बाजूला आहे हे एका नजरेत कळायला हवं.

वहीचा फोटो जमा करायचा असेल तर दोन शेपटांना जास्त जपावं लागतं. मोबाइल तिरका धरला की जवळची बाजू मोठी येते आणि समान काढलेली शेपटं असमान दिसतात; कॅमेरा कागदाला समांतर, बरोबर वरून धरा. पेन्सिलने हलकं घासलेलं छायांकन स्कॅनिंग अ‍ॅपच्या काळ्या-पांढऱ्या फिल्टरमध्ये उडून जातं. त्याऐवजी पेनाने तिरक्या रेघा मारा. हाताची सावली एका बाजूवर पडली तर तीही छायांकनासारखी भासते, म्हणून प्रत्येक रंगवलेल्या भागावर बाणाने ०.०५ किंवा ०.०२५ लिहाच. फोटो कसाही आला तरी त्या आकड्यावरून तपासणाऱ्याला कळतं की तुम्ही कोणती चाचणी घेतली.

हे सगळं ४ मिली हा आकडा जुन्या नोंदींतून आलाय म्हणून चालतं. तोच त्या ३६ पिशव्यांवरून काढला असेल, तर टी-टेस्ट लागते, आणि स्वातंत्र्यमात्रा ३५ असताना सीमारेषा एका बाजूला −१.६९० व दोन्ही बाजूंना ±२.०३० वर जातात.