‘रीकॉल नाही’ म्हणून दाखवलं आणि रीकॉलचेच टायर गळ्यात मारले

न्यू जर्सीत जुने टायर घेणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहितोय. दुकानाचं नाव देत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. चार जुने टायर, प्रत्येकी 65 डॉलर, म्हणजे 260. वर बसवणं-बॅलन्सिंगचे 80. एकूण 340 डॉलर, तेही रोख, कारण रोखीत टॅक्स लावत नाही म्हणाला. आता पावतीवर नुसतं ‘4 टायर’ एवढंच आहे.

मी डोळे मिटून घेतले असं कुणी म्हणू नये. रीकॉलचं मीच विचारलं. दुकानदाराने लगेच फोन काढला, टायरच्या कडेला वाकून DOT या अक्षरांच्या पुढचा कोड वाचत टाइप केला आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली: रीकॉल सापडला नाही. अशा वेळी माणूस आणखी काय करणार?

काय करायला हवं होतं ते आता रात्री झोप उडवतं. टायर तेव्हा गाडीवर चढलेले होते. मी वाकून पाहिलं, तर कोडच्या शेवटी चार आकडे नव्हतेच. अक्षरं संपली आणि पुढे कोरं रबर. त्याने मात्र शेवटी 2321 टाइप केलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हे आकडे कुठून आणले, एवढं विचारलं. तो म्हणाला, ‘आतल्या बाजूला आहेत, बसवताना बघितले.’ आणि ते पटण्यासारखंही होतं, कारण पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतो, दुसऱ्या बाजूला तारीख नसू शकते. खोटं असं अर्ध्या खऱ्यावर उभं केलेलं असतं.

पुढे एक चाक पंक्चर झालं. दुसऱ्या दुकानात गाडी लिफ्टवर चढली आणि तिथल्या मेकॅनिकने टॉर्च मारून आतली बाजू दाखवली: शेवटी 1419. म्हणजे 2019 चा चौदावा आठवडा. चारही टायर त्याच सुमाराचे, आणि कंपनीचा रीकॉल नेमका त्या कारखान्याच्या त्या काही आठवड्यांच्या मालावर. 2321 म्हणजे 2021 चा तेविसावा आठवडा, त्या टप्प्याच्या साफ बाहेर. नुसते चार आकडे बदलले की उत्तर बदलतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

म्हणून नुसतं मॉडेलचं नाव शोधून भागत नाही. 2000 सालचा फायरस्टोनचा मोठा रीकॉल आठवतो ना, 65 लाख टायरचा? त्यात वाइल्डरनेस एटी हे मॉडेल त्याच साइजचं असलं तरी ऑगस्टच्या रीकॉलमध्ये फक्त इलिनॉयमधल्या डेकेटर कारखान्याचं होतं. कोडच्या सुरुवातीला VD असलेलं. सुरुवातीची अक्षरं कारखाना सांगतात, शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष. दोन्ही हवेत. सरकारी वाहन-सुरक्षा खात्याच्या nhtsa.gov/recalls वर टायरच्या ब्रँड आणि मॉडेलने शोधलंत तर रीकॉलची कागदपत्रं उघडा, कोडचे टप्पे आत दिलेले असतात. टायर कंपन्यांच्या USTMA संघटनेच्या शोधयंत्रात थेट पूर्ण कोड टाकता येतो. टाइप तुम्ही करा, विकणाऱ्याला करू देऊ नका. आणि चाकावर चढण्याआधी, टायर जमिनीवर पडलेला असताना, दोन्ही बाजूंचे फोटो काढा.

आणखी एक. नक्षी खोल दिसली म्हणून मी खूश झालो होतो. रीकॉलचे टायर लवकर उतरवले जातात, मग नक्षी शिल्लक राहणारच! परत आलेले टायर कापून किंवा भोकं पाडून निकामी करायचे असतात. कुठेतरी कुणीतरी ते केलं नाही. जुन्या टायरची नोंदणीही तुमच्या नावावर नसते, त्यामुळे रीकॉलचं पत्र आलंच तर पहिल्या मालकाला जातं.

आता दाद मागायची तर ऐका. कंपनीच्या फोनवरच्या बाईंना पहिल्या खरेदीची पावती हवी. ती मी कुठून आणू? ग्राहक तक्रार कार्यालयाने ‘सुरक्षेचा प्रश्न आहे, दुसऱ्या खात्याकडे जा’ म्हणून हात झटकले. दुसऱ्या खात्याने तक्रार ‘नोंदवून घेतली’ आणि वैयक्तिक पैसे आम्ही मिळवून देत नाही म्हणून सांगितलं. मग कोण देतं? छोट्या दाव्यांच्या कोर्टात जा म्हणे. म्हणजे कर मी भरायचा, पुरावे मी गोळा करायचे, सुट्टी मी घ्यायची, आणि 1419 वाले टायर विकणारा निवांत शटर उघडून बसणार. खरं तर पोलिसांनाही विचारलं; त्यांनी ‘व्यवहाराचा वाद’ म्हणून फोन ठेवला. रोख पैसे दिलेत ना, हा प्रश्न मात्र प्रत्येकाने न चुकता विचारला. रोख देऊ नका, आणि पावतीवर चारही टायरचे पूर्ण कोड लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर तिथूनच वळा.

नव्या टायरचे 588 डॉलर वेगळे गेले. दुकानदाराचा परवा फोन आला: टायर आणून दे, शंभर देतो. शंभर कशाला, ते मला कळतं. पुढच्या गिऱ्हाइकाला परत तारखेची बाजू आत ठेवून बसवायला. टायर गॅरेजमध्ये आहेत, फोटो काढलेत, दावा दाखल करतोय. त्याला एकही परत मिळणार नाही.