जिनिंगमधील सुरक्षा सादरीकरण: छायाचित्रे वापरावीत की रेखाचित्रे?

कापसाचा हंगाम सुरू झाला की वणी-हिंगणघाट पट्ट्यातील जिनिंगमध्ये कामाला येणाऱ्या मजुरांपैकी कोणी मराठी सहज वाचतो, कोणाला केवळ सही करता येते, तर कोणाला फक्त हिंदी कळते. त्यांच्यासाठी पहिल्या दिवशीचे सादरीकरण तयार करताना छायाचित्रे घ्यावीत की रेखाचित्रे, हे ठरवण्यासाठी एकच प्रसंग तपासून पाहू: रोलरमध्ये कापूस अडकला तर काय करावे?

आपल्याच कारखान्यात काढलेल्या छायाचित्राचा मोठा फायदा असा की, मेन स्विच नेमका कोणत्या खांबावर आहे आणि कोणत्या रंगाचा आहे, हे मजूर लगेच ओळखतो. मात्र त्यात मागची पोती, तारा, उभी माणसे असे सगळेच येते आणि नजर भलतीकडे जाते. त्याहून गंभीर उणीव म्हणजे छायाचित्रात फिरणारा रोलरही थांबलेलाच दिसतो. त्यामुळे जो धोका दाखवायचा, तोच दिसेनासा होतो.

रेखाचित्रात नको ते गाळता येते. हात, रोलर आणि स्विच एवढेच ठळक काढले, तर कृती स्पष्ट होते. पण फिरणे दाखवणारा वाकडा बाण, तसेच डावीकडून उजवीकडे वाचायच्या तीन चौकटी, या शाळेत शिकलेल्या खुणा आहेत. ज्याला त्यांची सवय नाही, तो तिन्ही चौकटी तीन वेगळी कामे समजू शकतो. म्हणून प्रत्येक पायरी स्वतंत्र पडद्यावर दाखवावी: स्विच बंद, रोलर पूर्ण थांबेपर्यंत प्रतीक्षा, मग कापूस काढणे. वीज बंद केल्यावरही रोलर काही क्षण फिरत राहतो, म्हणून मधली पायरी कधीही गाळू नये. ती कोणत्याच स्थिर चित्रात नीट उतरत नाही. तिथे दहा सेकंदांची चित्रफीत किंवा जाळीबाहेरून दाखवलेले प्रत्यक्ष यंत्र अधिक उपयोगी पडते.

माझा कल असा आहे की ‘कुठे’ हे छायाचित्राने आणि ‘कसे’ हे रेखाचित्राने सांगावे. चुकीच्या कृतीचे चित्र मात्र शक्यतो टाळावे, कारण त्यावरची बारीक लाल रेघ नजरेतून सुटली की रोलरमध्ये घातलेला हात हीच सूचना वाटू लागते.

निर्णयापूर्वी दोन्ही प्रकार सात-आठ मजुरांना एकेकटे दाखवावेत. ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण साहेबासमोर सगळेच होकार देतात. ‘यात काय चालले आहे, आणि आता तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. अमेरिकेच्या एएनएसआय मानकात सुरक्षा चिन्हासाठी ८५ टक्के अचूक उत्तरांची अपेक्षा असते आणि उलट अर्थ लावणारे ५ टक्क्यांहून अधिक चालत नाहीत. इतक्या थोड्या माणसांत टक्केवारी काढण्यात अर्थ नाही, परंतु एकानेही ‘हात घालून कापूस काढायचा’ असे सांगितले, तर ते चित्र काढून टाकावे.