दहावीचं टाइमटेबल: एकेक विषय उरकायचा की दर आठवड्याला सगळे थोडे थोडे?

आमच्या घरी दोन्ही प्रकार होऊन गेलेत, मोठीच्या वेळी एक आणि धाकटीच्या वेळी दुसरा. म्हणून लिहितोय. स्टेट बोर्ड, मराठी मीडियम.

मोठीचं कॅलेंडर असं होतं की जून-जुलै गणित, मग विज्ञान, मग समाजशास्त्र, एक संपला की दुसरा. याचा खरा फायदा भूमितीत दिसला, कारण ते धडे एकमेकांत अडकलेले आहेत. समरूपता झाल्याशिवाय पायथागोरसची सिद्धता कळत नाही, वर्तुळात स्पर्शिका-छेदिकेच्या प्रमेयाला परत समरूपताच लागते, आणि रचनांमध्ये स्पर्शिका काढायला वर्तुळ लागतं. सलग केल्यामुळे हे सगळं तिचं एका दमात झालं. पण शाळेत सगळे विषय बरोबरीने चालतात ना, त्यामुळे घरी महत्त्वमापन चाललंय आणि शाळेत बाई अजून वर्तुळावरच, असं व्हायला लागलं. न शिकवलेला धडा एकटीने करायचा म्हणजे दुप्पट वेळ जायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जुलैत संपवलेलं बीजगणित तिने परत उघडलं ते थेट सहामाहीच्या आदल्या आठवड्यात. वर्गसमीकरणाचं सूत्र आठवत होतं, पण शाब्दिक उदाहरणात समीकरणच मांडता येईना.

धाकटीच्या वेळी आधी आठवडे मोजले. जूनच्या मध्यापासून डिसेंबरअखेर साधारण 28 आठवडे. त्यातून सहामाहीचे 2, दिवाळीचे 2, गणपतीचा 1 काढला, उरले 23. त्यातले 3 मुद्दाम कोरे ठेवले (ताप, लग्नं, पाहुणे, काहीही), म्हणजे कामाचे 20. मग धडे मोजले: गणित दोन्ही भाग मिळून 13, विज्ञान 20, इतिहास-राज्यशास्त्र-भूगोल 23. विज्ञान सरळ आठवड्याला एक. समाजशास्त्रात 3 आठवडे दोन-दोन धडे घेतले, राज्यशास्त्राचे छोटे आहेत तेच जोडले. गणितात उलट 7 आठवडे जास्तीचे मिळाले, ते लांब धड्यांना दिले. इथे एक चूक बहुतेक जण करतात, सगळे धडे सारखे धरतात. वर्तुळाला पाच सरावसंच आहेत, भौमितिक रचनांना दोनच, मग दोघांना एकेक आठवडा कसा पुरेल? धडा नाही, सरावसंच मोजा. भाषा रोज अर्धा तास, वेगळी रांग नाही.

उजळणीची जागा शनिवारी: गेल्या आठवड्याचा धडा आणि चार आठवड्यांपूर्वीचा. म्हणजे समरूपता पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, तिसऱ्यात एकदा चाळली, सहाव्यात परत आणि त्याच रविवारी 20 मार्कांची टेस्ट. टेस्ट ताज्या धड्यावर ठेवायचीच नाही, ताज्याला मार्क पडतातच आणि आपण उगाच खूश होतो. तीन-चार आठवडे जुन्यावर ठेवली की काय राहिलंय ते दिसतं. कोरे आठवडे जुलैअखेर, सप्टेंबरअखेर आणि डिसेंबरच्या शेवटी. तिन्ही एकत्र शेवटी ठेवले तर जुलैची थकबाकी डिसेंबरपर्यंत ओढत न्यावी लागते.

याचाही त्रास आहे. रोज दोन-तीन विषय बदलायचे म्हणून धाकटी सुरुवातीला वैतागायची, भूमितीत लय लागली की विज्ञानाची वेळ व्हायची. म्हणून आम्ही तडजोड केली, आठवडा मिक्स पण दिवसाला एकच मोठा विषय, सोम-मंगळ गणित, बुध-गुरु विज्ञान, शुक्रवारी समाजशास्त्र. आणि धड्यांचा क्रम शाळेचाच ठेवला, फक्त भूमितीची ती साखळी तुटत नाही ना एवढं बघितलं.

तर कोणी काय घ्यावं? जूनमध्ये सुरू करत असाल तर माझं मत सरळ मिक्सला. मुलगा एकाच विषयात खूप मागे असेल, समजा नववीचं बीजगणितच कच्चं आहे, तर मे महिन्यात दोन-तीन आठवडे तेवढा एकच विषय धरा आणि मग मिक्सवर या. नोव्हेंबरात जागे झाला असाल तर 20 आठवड्यांचं हे गणित बसणारच नाही. तेव्हा गणित आणि विज्ञान मिक्स, समाजशास्त्र मात्र दिवाळीच्या सुट्टीत सलग, कारण त्यात एक धडा दुसऱ्यावर फारसा अडून राहत नाही.

कॅलेंडर बिघडतंय हे कसं ओळखायचं, तर शेजारी "राहिलं" असा एक रकाना ठेवा. आमच्याकडे विज्ञान भाग 2 सलग तीन आठवडे त्या रकान्यात गेलं तेव्हा कळलं की पोरगी आळशी नाहीये, गुरुवारी क्लासवरून यायलाच साडेआठ वाजतात. गुरुवारचं शनिवारी सकाळी हलवलं, उजळणी संध्याकाळी नेली, रकाना रिकामा झाला.

जानेवारीत प्रिलिम, तिथून पुढे नवीन काही नाही, फक्त 40 मार्कांचे पेपर दोन तास घड्याळ लावून.