चार तत्त्वं की चार चौकटी?

हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीसाठी केस चार तत्त्वांनी मांडू की चार चौकटींत, असं विचारतेयस ना, तुझीच केस घेऊ. स्ट्रोकनंतरचे आजोबा, नाकातली नळी दोनदा ओढून काढली, मुलगा म्हणतो परत घालाच.

स्वायत्तता, हित, अपाय टाळणं आणि न्याय या तत्त्वांनी लिहिलंस तर पटकन होतं, पण पहिल्याच ओळीत स्वायत्तता विरुद्ध हित असं भांडण लागतं आणि नोट्समधली भोकं झाकली जातात.

चौकटींना (वैद्यकीय स्थिती, रुग्णाची इच्छा, जीवनमान, भोवतालची परिस्थिती) वेळ लागतो, पण इच्छेची चौकट भरतानाच कळतं की नोटमध्ये नुसतं 'रिफ्यूज्ड' आहे, निर्णयक्षमता कुणी तपासलीच नाही, मग तो नकार होता की डेलिरियममधला, म्हणजे आजारपणातल्या तात्पुरत्या भ्रमातला गोंधळ? फक्त कशाला जास्त वजन द्यायचं ते चौकटी सांगत नाहीत.

माहिती अर्धवट असेल तर चौकटी, माहिती पक्की आणि वाद फक्त मूल्यांचा असेल तर तत्त्वं. तुला आत्ता चौकटीच.